निफ्टीचा कॅलेंडर स्प्रेड: ठरलेला तोटा खरंच किती ठरलेला असतो?

प्रश्न: मी बडोद्यात राहतो, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी आहे. फोन दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळीच हातात येतो. ट्रेडिंग खात्यात दीड लाख रुपये आहेत. निफ्टीत जवळच्या एक्सपायरीचा ऑप्शन विकून लांबच्या एक्सपायरीचा त्याच स्ट्राइकचा घ्यायचा, या कॅलेंडर स्प्रेडमध्ये वेळेच्या झिजेवर पैसे मिळतात आणि तोटा भरलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त होत नाही, असं ऐकलं. ऑफिसातला मित्र म्हणतो कॉलपेक्षा पुटमध्ये कर, तिथे हाच स्प्रेड जवळजवळ चाळीस टक्के स्वस्त पडतो. हे बरोबर आहे का? आणि बाहेर कधी पडायचं?

उत्तर:

मित्राचं गणित अर्धंच आहे. पुटचा स्प्रेड स्वस्त दिसतो, पण त्यात भरलेली रक्कम हा तुमचा कमाल तोटा नसतो. कॉलमध्ये तो साधारणपणे असतो, तोसुद्धा दोन्ही लेग, म्हणजे विकलेला आणि घेतलेला ऑप्शन, एकत्र उभे असेपर्यंतच. तुमच्या नोकरीच्या वेळा पाहता बाहेर पडायचं एक्सपायरीच्या आदल्या दिवशी. ही तीन वाक्यं आकड्यांत उलगडून दाखवतो. प्रीमियम समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत.

निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी असते आणि लॉट सध्या ६५ चा आहे. समजा बुधवारी दुपारी निफ्टी २५,१०० वर आहे. पुढच्या मंगळवारी संपणारा २५,१०० चा कॉल १६७ ला आहे. त्याच्या आणखी तीन आठवड्यांनी येणाऱ्या मासिक एक्सपायरीचा २५,१०० चाच कॉल ३९८ ला आहे. जवळचा विकला, लांबचा घेतला, खिशातून गेले २३१ पॉइंट. एका लॉटचे १५,०१५ रुपये झाले. लांबचा लेग म्हणून मधल्या एखाद्या आठवड्याची एक्सपायरी न घेता मासिकच घ्या. मधल्या एक्सपायऱ्यांत खरेदी-विक्रीच्या भावांमधलं अंतर इतकं मोठं असतं की निम्मा नफा तिथेच सांडतो.

आता निफ्टी जागचा हललाच नाही असं धरा आणि दोन्ही प्रीमियम रोज कसे उतरतात ते बघा. शुक्रवारपर्यंत जवळचा कॉल १६७ वरून १३४ वर येतो आणि लांबचा ३९८ वरून ३८१ वर. स्प्रेडची किंमत झाली २४७, म्हणजे दोन दिवसांत मिळाले १६ पॉइंट. सोमवारी दुपारी जवळचा ६५ वर आणि लांबचा ३५४ वर असतो. स्प्रेड २८९ चा झाला, नफा ५८ पॉइंट, रुपयांत ३,७७०. यातले ४२ पॉइंट शुक्रवार ते सोमवार या एका टप्प्यात आले. एक्सपायरी जवळ येईल तशी जवळच्या ऑप्शनची झीज वेगाने वाढते, लांबच्याची मात्र जवळजवळ त्याच संथ चालीने चालू राहते. या दोन वेगांतला फरक हीच या सौद्याची कमाई. म्हणून बुधवारी सौदा करून गुरुवारी ‘काहीच मिळालं नाही’ म्हणून कापणारा माणूस पेरून उगवायच्या आत शेत सोडून जातो.

शनिवार-रविवारची झीज मात्र कागदावर दिसते तशी पूर्ण सोमवारी मिळत नाही. विकणारे शुक्रवारी दुपारपासूनच ती भावात धरायला लागतात, त्यामुळे शुक्रवारच्या शेवटच्या तासात स्प्रेड हिशेबापेक्षा चार-पाच पॉइंट पुढे दिसला तर नवल नाही. आणि ती झीज हवी असेल तर सोमवार सकाळचा गॅपही पत्करावा लागतो. तो टाळून ही कमाई मिळत नाही.

निफ्टी हलला तर? आयव्ही, म्हणजे प्रीमियमवरून निघणारा बाजाराचा चढउताराचा अंदाज, जिथे होता तिथेच राहिला असं धरून सोमवार दुपारचे भाव सांगतो. निफ्टी साधारण २४,८६० ते २५,४२० च्या आत असेल तर तुम्ही नफ्यात आहात. २५,५०० वर गेला तर २१ पॉइंटचा तोटा. २४,६०० वर आला तर स्प्रेड १३९ चा उरतो आणि तोटा ९२ पॉइंट, म्हणजे ५,९८० रुपये. २४,००० वर कोसळला तर जेमतेम २९ पॉइंट हातात राहतात आणि २३१ मधले २०२ जातात. निफ्टी कितीही खाली गेला तरी लांबचा कॉल शून्याखाली जात नाही आणि जवळचा विकलेला कॉल तुमच्याकडून काही मागत नाही, म्हणून तोटा २३१ वर थांबतो.

वरच्या बाजूला आणखी एक गंमत आहे. निफ्टी खूप वर गेला तर दोन्ही कॉल पुरते आत जातात, तरी लांबचा कॉल जवळच्यापेक्षा महागच राहतो. २५,१०० रुपये तीन आठवड्यांनी द्यायचे आहेत, आज नाही, त्या तीन आठवड्यांचं व्याज त्याच्या किमतीत बसलेलं असतं. वर्षाला ६ टक्के धरलं तर हे व्याज सुमारे ८७ पॉइंट होतं. म्हणजे वरच्या बाजूचा सर्वांत वाईट तोटा २३१ नसून १४५ च्या आसपास असतो. आपल्या शहरात स्वतःचा शेअर बाजार होता त्या काळात ज्यांनी बदला भरला आहे, त्यांना हे समजावायला लागत नाही. सौदा पुढच्या मुदतीला नेला की व्याज द्यावं लागतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. बदला २००१ साली बंद झाला, पण ते व्याज आजही निफ्टी फ्युचरच्या प्रीमियममध्ये आणि प्रत्येक लांबच्या ऑप्शनमध्ये बसलेलं आहे.

मित्राचा पुटचा मुद्दा नेमका इथेच सुटतो. त्याच बुधवारी, त्याच स्ट्राइकचा जवळचा पुट १४२ ला असेल आणि लांबचा २८७ ला. स्प्रेडला लागले १४५ पॉइंट, ९,४२५ रुपये. कॉलमधल्या १५,०१५ समोर हे सदतीस टक्के स्वस्त, म्हणून ‘जवळजवळ चाळीस’ हे त्याचं म्हणणं आकड्याने खरं आहे. पण फरक बघा किती आहे: २३१ वजा १४५, म्हणजे ८६. मघाचं तेच तीन आठवड्यांचं व्याज. ते माफ झालेलं नाही, फक्त दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं आहे.

सोमवारी निफ्टी २३,५०० वर आला असं धरा. जवळचा पुट १,६०० पॉइंट आत आहे आणि त्याची किंमत १,५९६ च्या आसपास. लांबचा पुटही तितकाच आत आहे, पण त्याचे पैसे तीन आठवड्यांनी मिळणार, शिवाय तो मुदतीपूर्वी वापरता येत नाही. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे असतात, फक्त एक्सपायरीलाच वठतात. म्हणून तो १,६०० च्याही खाली, सुमारे १,५१५ ला मिळतो. तुम्ही विकलेला ऑप्शन घेतलेल्यापेक्षा ८१ पॉइंटनी महाग झाला. भरलेले १४५ गेलेच, वर आणखी ८१ द्यावे लागले. तोटा २२६ पॉइंट, १४,६९० रुपये. हाच स्प्रेड कॉलमध्ये असता तर त्याच भावाला तोटा २२५ च्या आसपास आला असता. दोन्ही सौदे आतून एकच आहेत. कॉलचा स्प्रेड कमाल तोटा आधी दाखवतो आणि पुटचा तो लपवतो, एवढाच भेद. ‘माझा तोटा फार तर साडेनऊ हजार’ असं समजून दीड लाखाच्या खात्यात कुणी तीन लॉट उभे केले, तर मोठ्या पडझडीत २८ हजारांऐवजी ४४ हजार जातात.

बाजार खरोखर एवढा पडेल तेव्हा आयव्ही भडकलेला असेल, आणि कधी कधी निफ्टी फ्युचर डिस्काउंटला, म्हणजे निफ्टीपेक्षा खाली जातं, तेव्हा हे व्याजाचं गणित तात्पुरतं उलटंही होतं. फ्युचर डिस्काउंटला गेलं की कॉलच्या स्प्रेडमध्ये वरच्या बाजूचा आधार कमी होतो. पण नेहमीच्या दिवसांत फ्युचर प्रीमियमला असतं. म्हणून नियम असा धरा: निफ्टीत पुटचा कॅलेंडर करायचाच असेल तर भरलेल्या रकमेत दोन एक्सपायऱ्यांमधला फ्युचरच्या भावाचा फरक मिळवा, आणि त्या बेरजेला कमाल तोटा म्हणा. पडद्यावर साप्ताहिक फ्युचर दिसत नाही, तेव्हा मासिक फ्युचर आणि निफ्टी यांच्यातला फरक घेऊन दिवसांच्या प्रमाणात काढला तरी पुरतं. ब्रोकरच्या ॲपवर नफा-तोट्याचा जो आलेख दिसतो, त्यात हे व्याज धरलेलं आहे की नाही हे पुटचा स्प्रेड टाकून, निफ्टी दहा टक्के खाली सरकवून पाहा. तोटा भरलेल्या रकमेवरच सपाट थांबला तर त्या आलेखाने व्याज शून्य धरलं आहे.

आता दुसरी अट, दोन्ही लेग एकत्र उभे असण्याची. वर जे काही ‘ठरलेलं’ म्हटलं ते तेवढ्याच काळापुरतं आहे. अनेक जण जवळचा लेग एक्सपायरीला जाऊ देतात आणि लांबचा ठेवतात, ‘बघू, वर गेला तर मिळेल’ म्हणून. कॉल स्प्रेडमध्येच हे काय करतं पाहा. मंगळवारी निफ्टी २५,५०० वर बंद झाला. विकलेला कॉल ४०० ला सेटल झाला, तुम्हाला १६७ मिळाले होते, म्हणजे २३३ पॉइंट रोख गेले. लांबच्या कॉलमध्ये जवळजवळ तेवढाच कागदी फायदा दिसतोय, म्हणून काळजी वाटत नाही. बुधवारी सकाळी बाजार २४,९०० वर उघडला. लांबचा कॉल २३६ वर आला, ३९८ ला घेतलेला, म्हणजे आणखी १६२ गेले. एकूण तोटा ३९५ पॉइंट, २५,६७५ रुपये. सौदा केला तेव्हा कमाल तोटा १५,०१५ होता. कुठलाच आकडा चुकला नाही, फक्त मंगळवारी साडेतीनला कॅलेंडर स्प्रेड संपला आणि नुसता घेतलेला कॉल उरला, हे लक्षात घेतलं नाही. जवळचा लेग कापला की लांबचा त्याच मिनिटाला कापायचा. ठेवायचा असेल तर तो नवा सौदा समजून, त्या दिवशीच्या भावाने, नव्या स्टॉपसह ठेवायचा.

बाहेर पडण्याची वेळ यातूनच ठरते, पण तिला सेबीच्या एका नियमाचाही आधार आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून एक्सपायरीच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या लेगला कॅलेंडर स्प्रेडची मार्जिन सवलत मिळत नाही. सोमवारपर्यंत विकलेल्या कॉलला लांबच्या कॉलचा आधार धरला जातो आणि मार्जिन कमी लागतं. मंगळवारी तोच कॉल उघडा विकलेला समजला जातो. २५,१०० च्या निफ्टीत एका लॉटची कॉन्ट्रॅक्ट किंमत १६ लाखांच्या वर जाते. उघड्या विकलेल्या लॉटला दोन लाखांच्या आसपास मार्जिन लागतं, शिवाय एक्सपायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर २ टक्के जादा, म्हणजे आणखी ३२ हजारांच्या वर. तुमच्या खात्यात दीड लाख आहेत आणि त्यातले पंधरा हजार स्प्रेडमध्ये अडकलेले. मार्जिन कमी पडलं की ब्रोकरची रिस्क टीम पोझिशन कापते, आणि ती कुठला लेग आधी कापेल, कुठल्या भावाला कापेल, यावर तुमचा काबू नसतो. तुम्ही त्या वेळी प्लांटमध्ये, फोन लॉकरमध्ये.

मान्य करायला हवं की सोमवारी बाहेर पडून तुम्ही पैसे टेबलावर सोडता. निफ्टी मंगळवारी बंद होताना बरोबर २५,१०० वर राहिला तर जवळचा कॉल शून्य होतो, लांबचा ३४५ चा असतो आणि नफा ५८ ऐवजी ११४ होतो. निम्मी कमाई शेवटच्या दिवसात दडलेली असते. पण ती मिळायला निफ्टी त्या आकड्याला चिकटून बसावा लागतो. मंगळवारी दीडशे पॉइंट हालचाल झाली, जी अगदी सामान्य आहे, तर २४,९५० वर नफा ३६ च्या आसपास उरतो आणि २५,२५० वर पन्नासच्या आसपास. दोन्ही सोमवारच्या ५८ पेक्षा कमी. शिवाय सेटलमेंटचा भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून ठरतो, पडद्यावर शेवटी दिसलेल्या आकड्यावरून नाही. पूर्ण वेळ स्क्रीनसमोर बसणाऱ्या, खात्यात मार्जिन असलेल्या माणसाने हा दिवस खेळावा. रावपुऱ्यातले काही जुने लोक खेळतात आणि त्यांना साधतंही. तुम्हाला दुपारच्या सुट्टीत एकदा डोकावून तो साधायचा नाही.

आता या सौद्यातला खरा छुपा धोका. तो दिशेचा नसून आयव्हीचा आहे. कॅलेंडरमध्ये तुम्ही लांबच्या ऑप्शनमध्ये जास्त वेळ विकत घेतलेला असतो, आणि आयव्हीचा प्रत्येक टक्का त्या लांबच्या लेगवर जवळच्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. आपल्या उदाहरणात लांबच्या कॉलचा आयव्ही १२.५ टक्के धरला आहे, जवळच्याचा १२. सोमवारी निफ्टी बरोबर २५,१०० वर आहे, म्हणजे तुमच्यासाठी सर्वांत चांगली जागा, पण मधल्या काळात दोन्ही आयव्ही दोन-दोन टक्क्यांनी उतरले आहेत. लांबचा कॉल त्यामुळे ४९ पॉइंटनी स्वस्त होतो, जवळचा फक्त १० पॉइंटनी. ५८ चा नफा १९ वर येतो. खर्च आणि खरेदी-विक्रीच्या भावांमधलं अंतर वजा केलं तर हाती फारसं काही नाही. ‘निफ्टी हललाच नाही तरी पैसे का मिळाले नाहीत’ असं विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं उत्तर इथे असतं.

याचा परिणाम दोन दिशांना वेगवेगळा होतो. बाजार पडतो तेव्हा सहसा आयव्ही वाढतो, त्यामुळे खाली तुमचा तोटा वरच्या आकड्यांपेक्षा थोडा कमी दिसेल. २४,६०० वर आयव्ही दीड टक्का वाढला असेल तर ९२ चा तोटा साठच्या घरात येतो. हळूहळू चढणाऱ्या बाजारात उलट होतं. २५,५०० वर आयव्ही एक टक्का उतरला असेल तर २१ चा तोटा चाळीसच्या आसपास जातो. त्यामुळे संथ तेजीचे आठवडे कॅलेंडरवाल्याला पडत्या बाजाराइतकेच त्रास देतात. नवख्याला हे उलटं वाटतं.

म्हणून सौदा करण्याआधी दोन्ही लेगचे आयव्ही शेजारी शेजारी बघा, आणि एकाच ठिकाणचे बघा. एक्सचेंजच्या ऑप्शन चेनवरचा आयव्ही आणि ब्रोकरच्या ॲपवरचा आयव्ही व्याज वेगळं धरल्यामुळे जुळत नाहीत. एक तिथून आणि एक इथून घेतला तर तुलना निरर्थक होते. लांबचा आयव्ही जवळच्यापेक्षा अर्धा-एक टक्का जास्त असणं नेहमीचं आहे. त्याहून बराच जास्त असेल तर दोन एक्सपायऱ्यांच्या मध्ये काहीतरी घटना येते आहे: अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, निवडणुकीचा निकाल. तुम्ही फुगलेला माल घेताय आणि घटना झाली की ती फुग जाणार. उलट जवळचा आयव्ही लांबच्यापेक्षा खूप जास्त असेल तर स्प्रेड फार स्वस्त आणि मोहक दिसतो, पण त्याचा अर्थ घटना याच आठवड्यात आहे आणि बाजार मोठ्या हालचालीची तयारी करतोय. ४ जून २०२४ आठवा. लोकसभा निकालाच्या त्या एका दिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडला. बाजाराच्या चढउताराचा अंदाज मोजणारा इंडिया व्हीआयएक्स त्या दिवशी २६ च्या वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी १९ च्या आसपास आला. आधी हालचालीने स्प्रेडची जागा सोडली आणि मग आयव्हीच्या घसरणीने उरलेली किंमत खाल्ली. दोन्ही एक्सपायऱ्यांच्या आत ठळक घटना नसलेला, व्हीआयएक्स त्याच्या गेल्या काही महिन्यांच्या खालच्या पट्ट्यात असलेला आठवडा या सौद्याला सर्वांत बरा.

स्ट्राइक निफ्टीच्या चालू भावाजवळचाच घ्या. ‘थोडी तेजी वाटते’ म्हणून शंभर पॉइंट वरचा घेतला तर नफ्याचा पट्टा वर सरकतो आणि निफ्टी आज आहे तिथून दीडशे पॉइंट उतरला तरी तुम्ही त्याच्या काठावर येता. तेजीचं मत असेल तर त्याला दुसरे साधे सौदे आहेत.

प्रत्यक्ष ऑर्डर टाकताना लांबचा कॉल आधी घ्यायचा, मग जवळचा विकायचा. उलट केलं तर मधल्या क्षणी विकलेला लेग उघडा दिसतो आणि पूर्ण मार्जिन नसेल तर ऑर्डर नाकारली जाते. बाहेर पडताना आधी जवळचा परत घ्यायचा आणि मग लांबचा विकायचा, कारण तेच. दोन्ही वेळा लिमिट ऑर्डर, मार्केट ऑर्डर कधीच नाही. बास्केटमध्ये दोन्ही लेग टाकले की एकूण किती मार्जिन लागेल ते ऑर्डर टाकण्याआधीच दिसतं, ते पाहूनच पुढे जा. ब्रोकर ऑर्डरमागे २० रुपये घेत असेल तर चारही ऑर्डरींचं ब्रोकरेज, जीएसटी, एसटीटी आणि बाकीचे आकार मिळून एका लॉटला दोनशेच्या आत राहतात. खरा खर्च भावांमधल्या अंतराचा. प्रत्येक ऑर्डरीला दोन पॉइंट सोडावे लागले तर आठ पॉइंट, ५२० रुपये झाले, म्हणजे ५८ च्या नफ्यातला सातवा हिस्सा. त्यामुळे बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत हा सौदा करू नका. तुमची दुपारची सुट्टी इथे उलट सोयीची आहे, कारण त्या वेळी भाव शांत असतात.

स्टॉप रुपयांत किंवा टक्क्यांत लावण्यापेक्षा निफ्टीच्या भावावर लावा. दोन लेगच्या प्रीमियमवर स्टॉप लावला की एखाद्या क्षणी एक लेग सुटतो आणि दुसरा राहतो, आणि मग मघाचा ‘एकटा लेग’ प्रसंग उभा राहतो. आपल्या उदाहरणात निफ्टी २४,७५० च्या खाली किंवा २५,५०० च्या वर गेला की ॲपवर अलर्ट, आणि पुढच्या सुट्टीत दोन्ही लेग कापायचे. सुट्टीपर्यंत तो आणखी शंभर-दीडशे पॉइंट सरकेल, तेवढी जागा हिशेबात धरा. बाजार वेगाने हलला आणि अलर्टला तुम्ही पोहोचू शकला नाहीत, तरी कॉलच्या स्प्रेडमध्ये तोटा १५,०१५ च्या आत राहतो. नोकरी करणाऱ्याला हा सौदा परवडतो तो याच कारणाने. म्हणूनच दीड लाखाच्या खात्यात एकच लॉट: सर्वांत वाईट आठवड्यात खात्याचे दहा टक्के जातात आणि नेहमीच्या वाईट आठवड्यात तीन-चार टक्के.

मित्राला पुटचाच स्प्रेड करायचा असेल तर करू द्या, फक्त त्याच्या कागदावर ९,४२५ च्या जागी पंधरा हजार लिहायला सांगा आणि मग तो किती लॉट म्हणतो ते विचारा.